विनोदाची पहिली ओळ: ऐकणारे सैल का होत नाहीत?

घोडबंदर_सातवा_मजला

गणपतीतल्या कार्यक्रमांची जुळवाजुळव सुरू झाली आहे, म्हणून हा धागा काढतोय. निवेदन करणाऱ्यांनी आणि या विषयाचा अभ्यास असणाऱ्यांनी कृपया लिहावं.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत एका निवेदकाने दोन नाचांच्या मधे हा विनोद सांगितला. जसा सांगितला तसाच देतो:

"मंडळी, काल संध्याकाळी एक माणूस लिफ्टमध्ये अडकला. बराच वेळ अलार्म वाजवत होता. शेवटी वॉचमन आला आणि बाहेरून ओरडला, साहेब, कितव्या मजल्यावर जायचंय? आतून आवाज आला, सातव्या. वॉचमन म्हणाला, मग जिन्याने जा ना साहेब, लिफ्ट बंद आहे."

पहिलं वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगेतून प्रश्न आला, "कुठली विंग?" एक आजोबा उठून उभे राहिले. सेक्रेटरींनी खिशातून फोन काढला. शेवटची ओळ आली तेव्हा मागच्या बाजूची चार पोरं हसली, बाकी मंडळी एकमेकांकडे बघत होती. हाच विनोद नंतर चहाच्या टेबलावर दुसऱ्या कुणी सांगितला, तर लोक खळखळून हसले. शब्द जवळपास तेच होते. मग फरक कुठे पडला?

सूत्रधार

शब्द जवळपास तेच असतील, पण पहिले चार शब्द तेच नसणार. चहाच्या टेबलावर कुणी "काल संध्याकाळी" म्हटलं असेल असं वाटत नाही.

ऐकणारा माणूस पहिल्या अर्ध्या वाक्यातच ठरवून टाकतो की हे कसं ऐकायचं. बातमी असेल तर त्याच्या डोक्यात लगेच कामं सुरू होतात: कोण अडकलं, कुठली विंग, आता बाहेर आहे ना, मी काही करायला हवं का. तुमच्या आजोबांना यातलं चौथं काम लागू पडलं, म्हणून ते उठले. त्यांची चूक अजिबात नाही. निवेदकाच्या हातात माइक होता, सोसायटी तीच, लिफ्ट रोजची. त्यांनी माहिती म्हणूनच ऐकलं आणि नीटच ऐकलं.

आता ही कामं डोक्यात चालू असताना विनोद पुढे सरकतो. "कितव्या मजल्यावर जायचंय" ही ओळ येते. सैल बसलेल्या माणसाला तिथे वॉचमनचा भाबडेपणा दिसायला लागतो आणि तो पुढच्या ओळीची वाट बघतो. काळजीत बसलेल्याला मात्र दिसतो तो आपला वॉचमन, आणि त्याचा राग येतो: माणूस आत घुसमटतोय आणि हा मजला विचारतोय! शेवटची ओळ कळायची तर दोन चित्रं एकाच वेळी डोळ्यासमोर लागतात. एक, माणूस बंद लिफ्टच्या आत आहे. दोन, वॉचमनच्या लेखी तो लिफ्टची वाट बघत बाहेर उभा आहे. ही दोन चित्रं धरायला डोकं मोकळं लागतं. तुमच्या हॉलमध्ये ते मोकळं नव्हतं.

म्हणून पहिल्या चार-पाच शब्दांत कळायला हवं की कुणाला काही झालेलं नाही, कुणी काही करायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे.

"एकदा एक माणूस लिफ्टमध्ये अडकतो." एवढाच बदल करून बघा. विंग कुणीही विचारणार नाही.

काकडआरती

ताई, एवढं खोलात कशाला जायचं? सरळ सांगावं की "आता एक जबरदस्त जोक सांगतो, हसून हसून पोट दुखेल". सगळ्यांना कळतं की जोक आहे. शिवाय सांगणाऱ्याने आधी स्वतः हसावं, म्हणजे समोरचा आपोआप हसायला लागतो. आमच्या भजनी मंडळात हेच चालतं.

सूत्रधार

काका, निम्मं पटलं. "एक जोक सांगतो" हा इशारा चोख आहे, त्यात शंकाच नाही. अडचण आहे ती "जबरदस्त" आणि "पोट दुखेल" यांची. तेवढे शब्द उच्चारले की ऐकणारा परीक्षक होतो. त्याला काळजीतून सोडवलं खरं, पण लगेच दुसऱ्या कामाला लावलं: बघू या, खरंच एवढा भारी आहे का. लिफ्टचा विनोद छोटा आहे, त्यावर माणूस फिस्सकन हसतो. पोट दुखण्याइतकं ओझं त्याला पेलत नाही. मोठी घोषणा केली की तोच विनोद पडल्यासारखा वाटतो.

आधी स्वतः हसण्याचंही तसंच. आवाजात हसू असावं, ते पहिल्या शब्दापासून ऐकू येतं आणि फोनवरसुद्धा कळतं. पण मोठ्याने हसत सुरुवात केली की शब्द चिरडतात, आणि नेमके तेच शब्द ऐकू यायला हवे असतात.

वाशी_भाषाविज्ञान

"एक जोक सांगतो" बद्दल थोडी भर घालतो. हार्वी सॅक्स नावाचे अमेरिकन समाजशास्त्रज्ञ होते. पोरांच्या गप्पांमध्ये सांगितलेल्या एकाच विनोदाचं ध्वनिमुद्रण त्यांनी बारकाईने तपासलं. तो लेख 1974 मध्ये छापून आला. त्यांनी विनोद सांगण्याचे तीन टप्पे दाखवले: आधी प्रस्ताव, मग सांगणं, मग प्रतिसाद. प्रस्तावात सांगणारा बहुतेक वेळा विनोद कुठून कळला, कधी कळला आणि तो कसा आहे, हे सुचवतो. समोरचा "सांग" म्हणतो, मगच मुख्य विनोद सुरू होतो.

यात एक व्यवहार दडलेला आहे. एरवी गप्पांमध्ये एक वाक्य संपलं की दुसऱ्याला बोलायचा हक्क असतो. विनोदाला मात्र पाच-सहा वाक्यं सलग हवी असतात. ती जागा आधी मागून घ्यावी लागते. मागितली नाही तर पहिल्या वाक्यानंतर समोरचा आपलं वाक्य टाकणारच, आणि त्यात त्याचा काही गुन्हा नाही. "कुठली विंग?" हे तेच झालं. प्रस्तावामुळे आणखी एक सोय होते: ज्याने ऐकलेला आहे तो तिथेच "हा माहितीये" म्हणू शकतो, शेवटाला येऊन पाणी फिरवत नाही.

आता मराठीचं बघा. आपल्याकडे वेगळा प्रस्ताव न मांडताही काम होतं, कारण क्रियापदच ते काम करतं. "एक माणूस डॉक्टरकडे जातो" म्हटलं की दहा वर्षांच्या मुलालाही कळतं की विनोद आला. "एक माणूस डॉक्टरकडे गेला" म्हटलं की ऐकणारा थांबून राहतो, काय झालं म्हणून. सगळ्यात ठळक फरक मरणाच्या विनोदात दिसतो. "एक माणूस मरतो आणि वर चित्रगुप्तासमोर उभा राहतो" यावर कुणाचाही चेहरा पडत नाही. "काल एक माणूस वारला" म्हणा, अख्खी खोली गप्प होईल आणि पुढे चित्रगुप्त आला तरी ती सैल होणार नाही.

ओवळा_नाका

काळाचा नियम सरसकट मान्य नाही. मोठ्या माणसांच्या हजरजबाबीपणाचे किस्से आपण कायम भूतकाळातच सांगतो. "एकदा काय झालं, अमुक साहेब दौऱ्यावर गेले होते." लोक तिथेही आरामात ऐकतात. कुणी घाबरत नाही.

वाशी_भाषाविज्ञान

बरोबर आहे, आणि तिथे क्रियापदाचं काम दुसरं काहीतरी करतं. "एकदा काय झालं" हा स्वतःच एक इशारा आहे, शिवाय ज्याचा किस्सा तो माणूस हजरजबाबी म्हणून ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. थोडक्यात, इशारे अनेक आहेत: "एकदा", "एक माणूस" हे बिननावाचं पात्र, वर्तमानकाळ, बंड्या किंवा गंपूसारखं ठरलेलं नाव, चित्रगुप्तासारखी ठरलेली जागा, आवाजातलं हसू. सगळे लागत नाहीत. माझ्या मते दोन असले की पुरतात. लिफ्टच्या विनोदात "एक माणूस" हा एकच होता, आणि "काल संध्याकाळी", "अडकला", वर माइक आणि सोसायटीचा हॉल, हे सगळं त्याच्या विरुद्ध दिशेला ओढत होतं.

पण एकटं "एकदा काय झालं" मला पुरेसं वाटत नाही. अपघाताची हकीकतही लोक तशीच सुरू करतात.

ओवळा_नाका

आवाज योग्य असेल तर पुरतं. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

कोपरखैरणे_पालक

छान चर्चा. माझी मुलगी सातवीत आहे, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत उतरते आहे. वेळ तीन मिनिटं. म्हणजे तिने भाषणाची सुरुवात विनोदाने करावी, असंच तुम्ही सगळे म्हणताय ना? कुठला घ्यावा? विषय पाणी वाचवा असा आहे.

सूत्रधार

नाही, ते नाही म्हणत आहोत. इथे प्रश्न विनोदाच्या सुरुवातीचा आहे, भाषणाच्या नाही. तरीही तुमच्या मुलीसाठी सांगते, कारण नियम तिथे आणखी कडक होतो. परीक्षक विषयाची अपेक्षा धरून, पेन हातात घेऊन बसलेले असतात. पहिलंच वाक्य "आमच्या टाकीतलं पाणी संपलं" असं आलं तर ते मुद्दा म्हणून टिपून घेतील. विनोद घ्यायचाच असेल तर आधी विषय सांगावा, मग "गुरुजी बंड्याला विचारतात" असं सुरू करावं, आणि पूर्ण विनोद वीस सेकंदांच्या आत संपवावा. तीन मिनिटांत त्याहून जास्त परवडत नाही.

महापे_जनरल_शिफ्ट

लेखी विनोदाचं काय? ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी एकदा टाकलं होतं: "सोमवारपासून कंपनीची ठाणे स्टेशनची बस बंद. त्याऐवजी प्रत्येकाला एक शिट्टी मिळेल, ती वाजवत सगळ्यांनी रांगेने चालत यायचं आहे." शेवटी तीन हसरे चेहरे टाकले होते. तरी अकरा जणांनी ॲडमिनला फोन केले. हसरे चेहरे दिसले नाहीत का लोकांना?

वाशी_भाषाविज्ञान

दिसले असतील, पण उशिरा. वाचणाराही पहिल्या वाक्यातच ठरवतो. "सोमवारपासून बस बंद" वाचलं की पुढचं वाचायच्या आधी डोक्यात रिक्षाचे पैसे आणि सकाळचा गजर सुरू होतो. शिवाय फोन लॉक असताना पडद्यावर बहुतेकदा फक्त सुरुवातच दिसते. तेवढी वाचूनच काहींनी फोन लावला असणार.

लेखी विनोदाने मराठीत आपला इशारा आधीच शोधून ठेवला आहे. ओळीच्या सुरुवातीला बोलणाऱ्याचं नाव आणि पुढे दोन ठिपके. "बायको:", "गुरुजी:", "बॉस:". हे दिसलं की नजर आपोआप ढिली पडते. तुमचाच विनोद असा लिहिता आला असता:

कर्मचारी: साहेब, बस बंद झाली तर यायचं कसं?
बॉस: प्रत्येकाला एक शिट्टी मिळेल. एकामागे एक उभं राहायचं आणि वाजवत निघायचं.

यात "सोमवारपासून" नाही, स्टेशनचं नाव नाही. या दोन गोष्टी कुठल्याही वाक्याला सूचनेचं रूप देतात.

नाट्यवेडा_नौपाडा

माझा मुद्दा उलटा आहे. गडकरी रंगायतनला किंवा घाणेकरला विनोदी नाटक बघायला लोक बसतात तेव्हा पहिल्या वाक्यात कुठे इशारा असतो? पात्र अगदी गंभीर चेहऱ्याने "बाबा गेले" म्हणतं आणि हशा पिकतो. चेहरा कोरा ठेवून सांगितलेला विनोद तर सगळ्यात चांगला. आधी सांगून टाकलं तर मजाच जाते.

सूत्रधार

तिथे इशारा पहिल्या वाक्याच्या कितीतरी आधी झालेला असतो. तिकिटावर नाव, बाहेरचा फलक, तिसरी घंटा, पडदा. प्रेक्षक सैल होऊनच खुर्चीत बसतो, म्हणून नटाला शब्दांत काही सांगावं लागत नाही. आपल्या तमाशातही तेच. गवळणीत मावशी नुसती चालत आली की प्रेक्षक सावरून बसतात, तिने तोंड उघडायची गरज नसते. कोरा चेहरा चालतो तो याच भरवशावर.

सोसायटीच्या हॉलमध्ये यातलं काही नसतं. त्याच माइकवरून पाच मिनिटांपूर्वी महाप्रसादाची वेळ सांगितलेली असते आणि पाच मिनिटांनी वर्गणीची आठवण करून द्यायची असते. जागा काही सांगत नाही, म्हणून सगळा भार पहिल्या शब्दांवर येतो.

आणि एक तपशील, जो निवेदन करणारेच जाणतात. "पहिले शब्द" म्हणजे अगदी पहिला शब्द नव्हे. स्टिल्ट पार्किंगमध्ये मांडव असेल तर पहिले दोन शब्द कुणालाच लागत नाहीत. कुणी खुर्ची ओढत असतं, मुलं पळत असतात, माइकचं बटण उशिरा सुरू होतं. "एकदा एक माणूस" यातलं "एकदा" तिथेच गळून जातं आणि लोकांच्या कानावर फक्त "माणूस लिफ्टमध्ये अडकतो" पडतं. म्हणून आधी "मंडळी" टाकायचं, जो हरवला तरी चालतो. मग पूर्ण एक सेकंद थांबायचं. माना वळलेल्या दिसल्या की इशारा द्यायचा. इशाऱ्यानंतर पुन्हा अर्धा श्वास थांबायचं, तेवढ्यात लोक खुर्चीला टेकतात. ते टेकणं डोळ्यांनी दिसतं. नाही टेकले तर इशारा पोचला नाही असं समजा, आणि पुढे न जाता दुसरा इशारा घाला.

घोडबंदर_सातवा_मजला

हे मोलाचं आहे. मग यंदासाठी असं लिहिलं तर?

"मंडळी… एकदा एक माणूस लिफ्टमध्ये अडकतो. अलार्म वाजवतो, वाजवतो, वाजवतो. शेवटी वॉचमन येतो आणि बाहेरून विचारतो, साहेब, कितव्या मजल्यावर जायचंय? तो म्हणतो, सातव्या. वॉचमन म्हणतो, मग जिन्याने जा ना साहेब, लिफ्ट बंद आहे."

सूत्रधार

तीनदा "वाजवतो" छान आहे, तोही इशाराच झाला. खरी हकीकत कुणी असं सांगत नाही. "सातव्या" मात्र बदला. तुमची इमारत सात मजल्यांची असेल तर सातव्यावरचे रहिवासी आपलं घर आठवतात. "बाराव्या" करा, इमारतीत नसलेला मजला घ्या. "लिफ्ट बंद आहे" हे शेवटीच राहू द्या, त्याच्यापुढे एक शब्दही नको.

लिफ्ट त्या आठवड्यात खरोखर बंद पडलेली असेल, किंवा कुणी खरंच अडकलं असेल, तर कितीही इशारे द्या, लोक सैल होणार नाहीत. तेव्हा हा विनोद घेऊच नका. रिडेव्हलपमेंटचा वाद चालू असलेल्या सोसायटीत बिल्डरचे विनोद याच कारणाने पडतात.

काकडआरती

एका मागोमाग तीन जोक असतील तर प्रत्येक वेळी हे सगळं करायचं का?

सूत्रधार

नाही काका. पहिल्यावर लोक हसले की पुढचे दोन त्याच इशाऱ्यावर चालतात, उलट पुन्हा पुन्हा "आता आणखी एक जोक" म्हणू नये. पण मधेच "एमएच 04 पांढरी गाडी कृपया गेटसमोरून काढा" अशी घोषणा झाली की सगळं मोडतं. त्यानंतर सुरुवातीपासून.

वाशी_भाषाविज्ञान

याची दुसरी बाजूही निवेदकाने लक्षात ठेवायला हवी. इशारा एकदा नीट बसला की तो सहज उठत नाही. टॉमी कूपर नावाचे ब्रिटिश विनोदी कलाकार 15 एप्रिल 1984 रोजी लंडनच्या नाट्यगृहात थेट प्रक्षेपण चालू असताना रंगमंचावर कोसळले. त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता. प्रेक्षक हसत राहिले, कारण त्यांच्या लेखी तो खेळाचाच भाग होता. हॉलमध्ये विनोदांच्या ओघात खरी सूचना द्यावी लागली तर ती त्याच आवाजात, त्याच जागेवरून देऊ नये. शक्य असेल तर दुसऱ्या माणसाने द्यावी.

घोडबंदर_सातवा_मजला

आमच्याकडे माइक एकच आहे आणि निवेदकही एकच. सेक्रेटरींना स्टेजवर बोलावून सूचना त्यांच्याकडून देववली तर चालेल?

सूत्रधार

चालेल. निवेदकाने माइक त्यांच्या हातात द्यावा आणि स्वतः दोन पावलं बाजूला व्हावं, म्हणजे लोकांना बदल दिसतो. त्यांनी आधी "सूचना" हा शब्द उच्चारावा, मग विंगचं नाव, मग काम.

नाट्यवेडा_नौपाडा

कोऱ्या चेहऱ्याचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही. चार जवळचे मित्र, कट्ट्यावर, ना स्टेज ना तिकीट. तिथे एखादा कुठलाही इशारा न देता गंभीरपणे थाप मारतो, सगळे फसतात, आणि शेवटी सगळ्यात जास्त हसतात. हे तुमच्या हिशोबात कसं बसवता?

वाशी_भाषाविज्ञान

ती फिरकी झाली. तिच्यात आधी ताण द्यायचा आणि मग सोडायचा, असा उलटा हिशोब असतो. म्हणूनच ती चार मित्रांत चालते, दोनशे जणांच्या हॉलमध्ये नाही. पण चौघांत तरी का चालते, ओळखीमुळे की त्या माणसाच्या सवयीमुळे, यावर मला अजून विचार करावा लागेल.